छापील ग्रंथाला दुवा कशाला? : संदर्भसूचीतील अनावश्यक पत्ते आणि दिनांक

गेली काही वर्षे मी शोधनिबंधांच्या आणि प्रबंधांच्या संदर्भसूच्या छपाईपूर्वी तपासून देतो. सूची हाती आली की पूर्वी मी आधी स्वल्पविराम, पूर्णविराम आणि लेखकांच्या नावांचा क्रम पाहत असे. आता पहिली नजर जाते ती `https` या अक्षरांवर. ज्या ग्रंथाला प्रकाशक आहे, गाव आहे, साल आहे, ज्या लेखाला खंड, अंक आणि पृष्ठे आहेत, त्याच्याही शेवटी दीड ओळीचा पत्ता आणि कंसात तो पाहिल्याचा दिनांक लटकलेला असतो. लेखक ज्या शैलीचा दाखला देतो, ती शैली बहुधा हे मागतच नाही. कोणीतरी मुद्दाम लिहिले म्हणून ते तिथे आलेले नसते. संगणकाने भरले आणि कोणी काढले नाही, म्हणून ते उरलेले असते.

ही केवळ जागेची उधळपट्टी असती तर त्यावर स्वतंत्र लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण संदर्भसूचीतील प्रत्येक नोंद हे लेखकाचे एक विधान असते. 'मी ही कृती या स्वरूपात वाचली, तुम्हालाही ती इथे सापडेल' असे त्या विधानाचे रूप. कपाटातून ग्रंथ काढून वाचणाऱ्या संशोधकाच्या नोंदीला जेव्हा एखाद्या पुस्तकविक्रीच्या पानाचा दुवा चिकटतो, तेव्हा ते विधान खोटे ठरते. म्हणून हे दुवे कुठून येतात, कोणते काढायचे, कोणते मुळीच काढायचे नाहीत आणि काढताना काय बिघडते, एवढेच या लेखात पाहू. उदाहरणासाठी झोटेरो ही मोफत संदर्भ-व्यवस्थापक प्रणाली घेतली आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक सूच्या तिच्यातूनच तयार झालेल्या असतात.

दुवा येतो कुठून?

झोटेरो वापरणारा संशोधक ब्राउझरमध्ये एखादे पान उघडतो आणि कोपऱ्यातील चिन्हावर टिचकी मारतो. प्रणाली त्या पानावरून लेखक, शीर्षक, साल, प्रकाशक अशी माहिती उचलते आणि वेगवेगळ्या रकान्यांत भरते. त्याच वेळी आणखी दोन रकाने भरले जातात. `URL` या रकान्यात त्या पानाचा पत्ता जातो आणि `Accessed` या रकान्यात त्या क्षणाचा दिनांक.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. पहिली अशी की हा दिनांक वाचल्याचा नसतो, टिचकी मारल्याचा असतो. संशोधकाने माहिती जूनमध्ये साठवली आणि ग्रंथ डिसेंबरात ग्रंथालयात बसून वाचला, तरी सूचीत जूनच छापला जातो. दुसरी गोष्ट अशी की हा पत्ता पुष्कळदा त्या कृतीचा नसतोच. तो असतो ग्रंथालयाच्या सूचीतील पानाचा, गूगल बुक्सवरील तोंडओळखीच्या पानाचा किंवा एखाद्या दुकानाच्या पानाचा. तिथे जाऊन वाचकाला ग्रंथाचे मुखपृष्ठ दिसेल, किंमत दिसेल, पण ज्या पृष्ठाचा हवाला लेखकाने दिला ते दिसेलच असे नाही.

हाताने चिकटवलेल्या पत्त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. विद्यापीठाच्या दूरस्थ प्रवेशातून एखादा लेख उघडला, तर पत्त्यात त्या विद्यापीठाच्या मध्यस्थ संगणकाचे नाव मिसळते आणि तो दुवा बाहेरच्या वाचकापुढे फक्त प्रवेशाची चौकट उघडतो. गूगल बुक्समध्ये शोध घेऊन उघडलेल्या पानाच्या पत्त्यात `dq=` या खुणेपुढे शोधकाने टंकलेले शब्दही राहतात. म्हणजे आपण काय शोधत होतो याची चिठ्ठीच सूचीत छापली जाते.

मराठी पानांचे एक खास संकट आहे. देवनागरी अक्षरे असलेला पत्ता नकलून घेतला की त्याचे सांकेतिक रूपांतर होते आणि प्रत्येक अक्षरचिन्हासाठी नऊ रोमन चिन्हे लागतात. 'मराठी' हा साधा शब्द असा दिसतो :

```
%E0%A4%AE%E0%A4%B0%E0%A4%BE%E0%A4%A0%E0%A5%80
```

पाच चिन्हांच्या शब्दाची ही ४५ चिन्हे झाली. चार शब्दांचे शीर्षक पत्त्यात असेल तर छापील स्तंभात तीन-चार ओळी भरतात. छापील पानावर टिचकी मारता येत नाही आणि ही माळ हाताने टंकणारा वाचक मला अजून भेटलेला नाही.

शैली काय म्हणते, ते आधी

दुवे सरसकट काढायला बसण्यापूर्वी आपली शैली काय मागते ते नीट वाचायला हवे, कारण याबाबत शैलींचे एकमत नाही आणि एकाच शैलीचे मतही काळानुसार बदलते. एमएलएच्या २००९च्या सातव्या आवृत्तीने जालपत्ते देण्याची सक्ती काढून टाकली होती. २०१६च्या आठव्या आवृत्तीने ते पुन्हा आणले. त्यामुळे 'एमएलएला दुवा नको' असे दहा-बारा वर्षांपूर्वी शिकलेला मार्गदर्शक आणि 'एमएलएला दुवा हवा' असे आज शिकलेला विद्यार्थी आपापल्या परीने दोघेही बरोबर असतात. शिकागो शैली जालावर वाचलेल्या कृतीचा दुवा मागते. पण पाहिल्याचा दिनांक मात्र, कृतीवर प्रकाशनाचा किंवा सुधारणेचा दिनांक सापडत नसेल तरच. एपीएच्या सातव्या आवृत्तीचा नियम असा : डीओआय असेल तर तो द्यावा, मग लेख छापील वाचलेला असो वा पडद्यावर, डीओआय नसलेला लेख नेहमीच्या शैक्षणिक संग्रहातून घेतला असेल, तर त्याची नोंद छापील लेखासारखीच करावी आणि दुवा देऊ नये. पाहिल्याचा दिनांक ही शैली फक्त सतत बदलत राहणाऱ्या मजकुरासाठी मागते.

इंग्लंडात आणि आपल्याकडेही रुळलेल्या हार्वर्ड पद्धतीच्या 'साइट देम राइट' या मार्गदर्शिकेचा कल असाच आहे. पडद्यावर वाचलेल्या लेखाची किंवा ग्रंथाची छापील नोंदीला लागणारी सगळी माहिती, पृष्ठांसकट, मिळत असेल तर छापील कृतीसारखीच नोंद करावी. पण झोटेरोमधील या शैलीची फाइल मात्र रकान्यात जे भरलेले असेल ते छापते. 'ही कृती मुळात छापील आहे' हे तिला आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. नियम आणि यंत्र यांतली ही फट आपल्यालाच बुजवावी लागते.

या सगळ्यात डीओआयला जालपत्त्यांच्या रांगेत बसवू नये. तो त्या कृतीला दिलेला कायमचा क्रमांक आहे. लेख एका संकेतस्थळावरून दुसरीकडे गेला, तर प्रकाशकाने नोंद अद्ययावत करायची आणि क्रमांक तोच ठेवायचा, अशी ती व्यवस्था आहे. शोधगंगेवरील प्रबंधांना मिळणारे `hdl.handle.net/10603/` असे सुरू होणारे पत्तेही त्याच जातीचे. साफसफाईच्या झपाट्यात हे दोन्ही उडवले जातात आणि मग सूचीतील खरोखर उपयोगी असलेली गोष्टच नाहीशी होते.

चार नोंदी, चार निर्णय

आता प्रत्यक्ष नोंदी पाहू. विषय समजा एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राचा सामाजिक इतिहास आहे. नियतकालिकाने हार्वर्ड शैली सांगितली आहे आणि 'छापील प्रकाशित कृतींना दुवा व पाहिल्याचा दिनांक देऊ नये' अशी सूचना केली आहे. पहिली नोंद गेल ऑम्व्हेट यांच्या लेखाची. झोटेरोतून ती अशी बाहेर पडते :

```
Omvedt, G. (1971) 'Jotirao Phule and the Ideology of
Social Revolution in India', Economic and Political
Weekly, 6(37), pp. 1969–1979. Available at:
https://www.jstor.org/stable/... (Accessed: 14 August 2023).
```

हा लेख १९७१ साली छापील साप्ताहिकात आला. खंड ६, अंक ३७, पृष्ठे १९६९ ते १९७९. जेस्टोरवर आहे ती त्याच पानांची प्रतिमा. ज्याच्या ग्रंथालयात जेस्टोर आहे तो शीर्षकावरून लेख क्षणात शोधेल. ज्याच्याकडे नाही त्याला त्या दुव्यावर सगळा लेख वाचायला मिळेलच असे नाही, पण खंड आणि अंक सांगून ग्रंथालयातून बांधीव खंड मागता येईल. म्हणून `Available at` पासून शेवटपर्यंतचा भाग जायला हवा. काढण्यापूर्वी लेखाला डीओआय आहे का हे पाहून घ्यायचे. सापडला आणि शैलीला हवा असेल तर तो आपल्या रकान्यात भरायचा.

दुसरी नोंद रोझलिंड ओ'हॅन्लन यांच्या फुल्यांवरील ग्रंथाची. केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने तो १९८५ साली काढला. संशोधकाने ग्रंथ हातात घेऊन वाचला, पण टंकनाचा त्रास वाचवण्यासाठी नोंद गूगल बुक्सच्या पानावरून उचलली. इथे दुवा नुसता अनावश्यक नाही, चुकीचाही आहे, कारण त्या पानावर संशोधकाने काहीच वाचलेले नाही. या दुव्याविषयी कोणतीही शैली वेगळे मत देणार नाही. तो काढायचाच.

तिसरी नोंद ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुषतुलना'ची, आणि खरा विचार करायला लावते ती हीच. पुस्तक पुण्यात १८८२ साली निघाले. पुढे स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते संपादित करून पुन्हा प्रकाशात आणले आणि १९९४ साली ओ'हॅन्लन यांचा इंग्रजी अनुवाद ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडून आला. संशोधकाच्या नोंदीत '१८८२' एवढे साल आहे आणि पुढे एका प्रतिमारूप प्रतीचा दुवा आहे. ती प्रत मूळ आवृत्तीची की १९७५च्या संपादित आवृत्तीची, हे नोंदीवरून कळत नाही. दिलेले पृष्ठक्रमांक कोणत्या आवृत्तीचे, हेही कळत नाही. अशा वेळी तो गबाळा दुवाच आवृत्तीचा एकमेव साक्षीदार असतो. तो आधी काढून टाकला तर पुरावाच नाहीसा होतो.

म्हणून इथे क्रम महत्त्वाचा. आधी दुवा उघडायचा, प्रतीचे शीर्षकपृष्ठ पाहायचे आणि आवृत्ती, संपादक, प्रकाशक, गाव, साल हे सगळे रकाने त्यावरून भरायचे. हवाल्यांतील दोन-तीन पृष्ठक्रमांक त्या प्रतीशी ताडून पाहायचे. मग दुवा काढायचा. हे करताना संग्रहाने दिलेल्या माहितीवर विसंबू नये. इंटरनेट आर्काइव्हवर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या पुष्कळ मराठी ग्रंथांच्या प्रतिमा आहेत. त्यांची ओळखखूण `in.ernet.dli.2015.` अशी सुरू होते. त्यातील २०१५चा ग्रंथाच्या प्रकाशनवर्षाशी संबंध नाही. तिथली शीर्षके आणि लेखकांची नावे अनेकदा रोमन लिपीत कशीही उतरवलेली असतात आणि सालही भरवशाचे नसते. शीर्षकपृष्ठ हाच खरा आधार.

चौथी नोंद मराठी विश्वकोशातील. विश्वकोशाचे खंड छापील आहेत आणि त्यांतील नोंदी संकेतस्थळावरही वाचता येतात. संशोधकाने संकेतस्थळावर वाचले असेल तर त्याच्याजवळ पृष्ठक्रमांक नसतो. त्याने छापील खंड काढून खंडक्रमांक आणि पृष्ठे मिळवली, तर दुवा काढता येईल. तेवढे केले नसेल तर दुवा राहू द्यावा, कारण त्याचे वाचन खरोखर तिथेच झाले आहे. ज्ञानमंडळांनी लिहिलेल्या नव्या नोंदींचा प्रश्नच वेगळा. त्या संकेतस्थळासाठीच लिहिल्या गेल्या आहेत आणि त्यांत पुढे दुरुस्ती होऊ शकते. तिथे दुवा हवा आणि शैलीने मागितला तर पाहिल्याचा दिनांकही हवा. शोधगंगेवरील अप्रकाशित प्रबंधही याच बाजूला. 'छापील प्रकाशित कृतींना दुवा नको' हा नियम त्यांना लागू होत नाही.

चारही निर्णयांमागे एकच कसोटी आहे. दुवा झाकून नोंद वाचायची. उरलेल्या माहितीवर अनोळखी वाचक ग्रंथालयात जाऊन नेमकी तीच आवृत्ती, तेच पृष्ठ काढू शकेल का? उत्तर 'हो' असेल तर दुवा अनावश्यक. 'नाही' असेल तर आधी माहिती पुरी करायची, आणि ती पुरी होणे शक्यच नसेल तर दुव्याला हात लावायचा नाही.

काढायचे कसे?

सूची टंकलेखनाच्या फाइलमध्ये आली की तिथेच दुवे खोडत बसणे हा बहुतेकांचा पहिला मार्ग असतो आणि तो बहुधा फसतो. झोटेरोने घातलेली सूची जिवंत असते. संशोधकाने पुढे एखादा नवा हवाला घातला की प्रणाली सूची नव्याने रचते आणि हाताने खोडलेले सगळे दुवे परत येतात. जोडणीतील सूची-संपादनाची सोय वापरून एखादी नोंद बदलता येते. पण मग ती नोंद आहे तशी गोठते आणि मूळ रकान्यातील पुढची दुरुस्ती तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून दुरुस्ती व्हायची ती मुळाशीच.

लेखांसाठी एक तयार कळ आहे. झोटेरोच्या सेटिंग्जमध्ये `Cite` या भागात `Include URLs of paper articles in references` असे वाक्य आणि त्यापुढे चौकट आहे. चौकटीतील खूण काढली की छापील लेखांचे दुवे आणि पाहिल्याचे दिनांक, दोन्ही सूचीत येणे थांबते. संग्रहातील माहिती जशीच्या तशी राहते. फक्त ती बाहेर जात नाही. ऑम्व्हेट यांच्या लेखाची नोंद मग अशी दिसते :

```
Omvedt, G. (1971) 'Jotirao Phule and the Ideology of
Social Revolution in India', Economic and Political
Weekly, 6(37), pp. 1969–1979.
```

पण प्रणाली 'छापील लेख' कशाला म्हणते? तिला कागद दिसत नाही, रकाने दिसतात. नोंदीचा प्रकार संशोधन-नियतकालिकातील, मासिकातील किंवा वृत्तपत्रातील लेख असा असेल आणि पृष्ठांचा रकाना भरलेला असेल, तर तो छापील. बाकी सारे तिच्या लेखी जालावरचे. ही एक गोष्ट समजली की लोकांना पडणाऱ्या निम्म्या कोड्यांचा उलगडा होतो. 'खूण काढली तरी काही लेखांचे दुवे जात नाहीत' अशी तक्रार आली की मी फक्त `Pages` हा रकाना पाहायला सांगतो. तो रिकामा असतो, किंवा लेख 'वेब पेज' या प्रकारात साठवलेला असतो. पहिल्या बाबतीत पृष्ठे शोधून भरायची, दुसऱ्या बाबतीत प्रकार बदलून मग पृष्ठे भरायची. म्हणजे राहून गेलेला दुवा इथे अपुऱ्या नोंदीकडेच बोट दाखवत असतो. फक्त एवढे पाहावे की दुवा घालवण्यासाठी कोणी पृष्ठांच्या रकान्यात वाटेल तो आकडा भरत नाही ना. वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर वाचलेल्या लेखाला पृष्ठ नसते. त्याचा दुवा राहणेच योग्य.

ही खूण एका शैलीपुरती किंवा एका लेखापुरती नसते, संपूर्ण प्रणालीला लागू होते. गेल्या वर्षी दुवे मागणाऱ्या नियतकालिकासाठी कोणी ती लावली असेल, तर यंदाच्या सूचीतही दुवे येत राहतात. आणि डीओआयवर तिचा काही परिणाम होत नाही. शैली डीओआय छापणारी असेल तर तो छापला जाईलच.

ग्रंथांना मात्र ही कळ लागू नाही. ग्रंथ, ग्रंथातील प्रकरण, परिषदेतील निबंध यांच्या रकान्यात दुवा असला आणि शैलीची फाइल तो छापत असली, तर तो सूचीत येणारच. ओ'हॅन्लन यांच्या ग्रंथाचा दुवा चौकटीतील खूण काढूनही तसाच उरतो तो याचमुळे. इथे नोंदी एकेक करून हाताळाव्या लागतात. त्यासाठी प्रगत शोधात दोन अटी घालायच्या : प्रकार ग्रंथ, आणि `URL` या रकान्यात `http`. दुवा असलेल्या सगळ्या ग्रंथनोंदी एका यादीत समोर येतात. मग प्रत्येकीला वरची कसोटी लावायची. जिचा दुवा जायला हवा तिचे `URL` आणि `Accessed` हे दोन्ही रकाने रिकामे करायचे. यातला एकच रिकामा केला तर काही शैलींत 'पाहिल्याचा दिनांक' एकटाच मागे राहतो आणि तो कशाचा हे कोणालाच कळत नाही.

प्रतिमारूप प्रतीचा दुवा संशोधकाला स्वतःला मात्र पुन्हा लागतो. पृष्ठ ताडून पाहायचे असते, पुढच्या लेखासाठी दुसरी शैली वापरायची असते. म्हणून रकाना रिकामा करण्यापूर्वी तो पत्ता त्याच नोंदीला जोडलेल्या टिपणात उतरवून ठेवावा. टिपण सूचीत छापले जात नाही. गूगल बुक्स किंवा दुकानाचा दुवा असेल तर तो जपण्याचेही कारण नाही.

ग्रंथ शेकड्यांनी असतील तर शैलीची फाइलच बदलण्याचा मार्ग आहे. फाइलमध्ये दुवा जिथे छापला जातो, तिथे अशी अट घालायची :

```xml
<choose>
  <if type="book chapter" match="none">
    <text variable="URL"/>
  </if>
</choose>
```

याचा अर्थ, नोंद ग्रंथाची किंवा प्रकरणाची नसेल तरच दुवा छापा. पाहिल्याचा दिनांक छापणारी ओळही याच अटीच्या आत घ्यायची. बदललेल्या फाइलला नवे नाव आणि नवी ओळख द्यायला विसरू नये; नाहीतर मूळ शैली पुढे आपोआप अद्ययावत होते आणि आपला बदल पुसला जातो. या मार्गाची मर्यादा उघड आहे. केवळ जालावर प्रकाशित झालेला ग्रंथ आणि छापील ग्रंथ यांत ही अट भेद करत नाही. दोघांचेही दुवे जातात. जिथे असे जालग्रंथ आहेत, तिथे मी हा मार्ग सुचवत नाही.

लाटेक्समध्ये लिहिणाऱ्यांचे काम थोडे सोपे आहे. बिबलाटेक्सच्या नेहमीच्या शैलींत `url=false` हा पर्याय दिला की ज्या प्रकारांत दुवा ऐच्छिक आहे तिथला दुवा आणि दिनांक दोन्ही जातात. `@online` प्रकारच्या नोंदींचे मात्र शाबूत राहतात. अर्थात, नोंदीचा प्रकार बरोबर निवडलेला असेल तरच.

शेवटची तपासणी

सगळे झाल्यावर सूची नव्याने रचून घ्यायची आणि तीत `http` हा शब्द शोधायचा. प्रत्येक ठिकाणी थांबून विचारायचे की हा इथे का आहे? उत्तर तीनच असू शकतात. डीओआय किंवा तत्सम कायमचा क्रमांक आहे. कृती जालावरचीच आहे. किंवा छापील कृतीचे तपशील मिळालेच नाहीत. चौथे काही उत्तर निघाले तर एखादी नोंद निसटली आहे. त्यानंतर `Accessed` शोधायचा, म्हणजे एकटे पडलेले दिनांक सापडतात. जुळणीसाठी प्रत देण्याआधी फाइलची एक नक्कल काढून त्या नकलेतच झोटेरोची जोडणी तोडायची. हाताने करायच्या किरकोळ दुरुस्त्या त्यानंतर, कारण आता सूची पुन्हा रचली जाणार नसते. मूळ फाइल जोडणीसह जपून ठेवायची. संपादकाने आणखी एक हवाला मागितला तर तीच लागते.

'स्त्रीपुरुषतुलना'च्या नोंदीला या सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळ लागतो. शीर्षकपृष्ठ उघडायचे, आवृत्ती ठरवायची, पृष्ठे ताडायची, मग दोन रकाने रिकामे करायचे. रकाने रिकामे करायला काही सेकंद पुरतात. बाकीचा वेळ जातो तो पूर्वीच्या पिढीतील संशोधक वाचतानाच जे कार्डावर टिपून ठेवत, ते आता मागाहून भरण्यात.